सेकंडहँड ई-स्कूटर : आधी बॅटरी मोजा

विकायला काढलेल्या ई-स्कूटरच्या स्क्रीनवर ‘९० किमी’ झळकलं की घेणारा खूश होतो. पण हा आकडा म्हणजे गाडीने बांधलेला अंदाज असतो. मालकाने अलीकडे ती इको मोडवर हळू चालवली असेल, तर थकलेली बॅटरीही ऐटीत नव्वद दाखवते.

खरा हिशेब विजेच्या युनिटमध्ये होतो. त्यासाठी सॉकेट आणि चार्जर यांच्यामध्ये लावायचं छोटं वीजमापक पुरतं. समजा, नवी असताना बॅटरीत प्रत्यक्ष वापरता येणारी वीज ३ युनिट होती. गाडी २० टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज केली, म्हणजे बॅटरीत २.४ युनिट जायला हवेत. चार्जरमध्ये साधारण १० टक्के वीज उष्णतेत जाते असं धरलं, तर मापकावर २.६५च्या आसपास आकडा यावा. तो २.२च आला, तर बॅटरीत जेमतेम २ युनिट शिरले. त्याला ०.८ने भागलं की क्षमता येते सुमारे २.५ युनिट, म्हणजे मूळच्या ८२ टक्के.

ही मोजणी चार-पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या ‘हेल्थ’चा लेखी रिपोर्टही मागावा.

शिवाय गाडी निदान २०-२५ किलोमीटर चालवून पाहावी. टक्के एकेक करून उतरायला हवेत. ३० वरून एकदम १५ वर उडी पडली, किंवा चढावर जोर अचानक ओसरला, तर पॅकमधले काही सेल इतरांपेक्षा कमकुवत झाल्याची शंका घ्यावी. एक सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज असूनही गाडीची यंत्रणा पुरवठा आवरते.

आता वॉरंटी. ओलाने फेब्रुवारी २०२४मध्ये बॅटरीसाठी ८ वर्षं किंवा ८०,००० किमीची वॉरंटी जाहीर केली. एथरची ‘एट-सेव्हन्टी’ तेवढ्याच मुदतीची आहे, पण ती वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्यांची वॉरंटी वेगवेगळी असू शकते. पहिल्या मालकाने नेमकं काय घेतलं, हे बिलावरूनच कळतं. मुदतही पहिल्या खरेदीपासून मोजली जाते आणि वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते.

अटींमध्ये क्षमतेची मर्यादाही पाहावी. ‘एट-सेव्हन्टी’त ती ७० टक्के आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या ८२ टक्क्यांच्या बॅटरीला वॉरंटी असली, तरी केवळ क्षमता घटली म्हणून आज ती बदलून मिळणार नाही. कमी झालेलं अंतर घेणाऱ्याने किमतीतूनच वसूल करायचं. पॅक बाहेर उघडलेला असेल, गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल किंवा परका चार्जर वापरलेला असेल, तर दावा सहसा नाकारला जातो.

टोकन देण्यापूर्वी चासी नंबर देऊन उरलेली वॉरंटी कंपनीकडून लेखी घ्यावी आणि ती नव्या मालकाच्या नावावर कशी होते, हेही विचारावं. आरसी नावावर झाली, पण कंपनीच्या अॅपमधलं खातं जुन्याच मालकाकडे राहिलं, तर पुढे दाव्याच्या वेळी त्याच्यामागे फिरावं लागतं.