वांग्याच्या पानावरची काटेरी अळी

पावसाळा सरत आला की माझ्या मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. वांग्याचं पान, त्यावर अर्धा सेंटिमीटरभर लांबीची, मळकट पिवळी, अंगभर काटे असलेली अळी, आणि खाली प्रश्न : 'हे काय आहे? काय फवारू?' यंदा गच्चीवर भाजी लावणाऱ्या एका ताईंनी एकाच झाडाचे दोन फोटो पाठवले. पहिल्यात ही पिवळी काटेरी अळी होती आणि तिच्या शेजारी ठिपक्यांचा एक गोलसर भुंगेरा. दुसऱ्या फोटोत कोवळ्या शेंड्यावर वेगळीच अळी होती. काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी डाग, पुढच्या बाजूला सहा लांब पाय. ठिपक्यांचा भुंगेरा म्हणजे लेडीबर्ड आणि लेडीबर्ड म्हणजे शेतकऱ्याची मैत्रीण, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून पहिल्या फोटोतल्या किड्यांना त्या हात लावणार नव्हत्या, आणि दुसऱ्या फोटोतली भयंकर दिसणारी अळी मारायला औषध आणणार होत्या.

करायला हवं होतं नेमकं उलटं. पहिल्या फोटोतली अळी आणि भुंगेरा ही दोन्ही वांग्याची कीड, तर दुसऱ्या फोटोतली अळी मित्रकीटकाची. गंमत अशी की दोन्ही किडे एकाच कुळातले आहेत. कॉक्सिनेलिडी या भुंगेऱ्यांच्या कुळात जगभरात सुमारे ६००० जाती आहेत. आपण त्यांना ढालकिडे किंवा लेडीबर्ड म्हणतो. यांतल्या बहुतेक जाती मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड असे रस शोषणारे किडे खातात. पण याच कुळाची एक शाखा पूर्ण शाकाहारी आहे. वांग्यावरचा हा भुंगेरा त्या शाखेतला. शास्त्रीय नाव हेनोसेपिलॅक्ना, कृषी खात्याच्या पुस्तिकांत एपिलॅक्ना किंवा हड्डा भुंगेरा. वांगी, बटाटा, टोमॅटो ही त्याची आवडती पिकं, आणि कारल्यावरही तो येतो. बांधावरची कामोणी आणि धोतरा हेही त्याला चालतात. म्हणून वांग्याचं पीक संपलं तरी तो परिसरातून जात नाही.

भुंगेऱ्याचे ठिपके मोजून निवाडा करण्याची सवय अनेकांना असते. ती उपयोगाची नाही. एपिलॅक्नाच्या एका जातीच्या पाठीवर २८ ठिपके असतात, दुसरीच्या पाठीवर १२. त्यातही ठिपके कधी एकमेकांत मिसळतात, कधी पुसट होतात. आपल्याकडे चवळी, वाल, कापूस, मका यांवर सर्रास दिसणारा चिलोमेनेस हा मित्र ढालकिडा तर ठिपक्यांपेक्षा नागमोडी काळ्या रेघांवरून ओळखू येतो, आणि त्याच्यातही कमी-जास्त काळे नमुने सापडतात. ठिपक्यांपेक्षा पाठीची चमक बघावी. मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत असते. उघड्यावर काढलेल्या फोटोत तिच्यावर आकाशाचा पांढरा ठिपका झळकतो. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक, आखूड लव असते, त्यामुळे तांबूस तपकिरी रंग असूनही ती निस्तेज, मखमली दिसते. फोटो मोठा करून पाहिला तर ही लव बऱ्याचदा दिसते. ताईंच्या पहिल्या फोटोतला भुंगेरा असाच निस्तेज होता.

अळ्यांमधला फरक तर आणखी सोपा आहे. एपिलॅक्नाची अळी बुटकी, जाड आणि फिकट पिवळी. तिच्या पाठीवरच्या काट्यांना पुन्हा बारीक फांद्या फुटलेल्या असतात. ती एका जागी बसून खाते, कारण तिचं अन्न तिच्या पायाखालीच असतं. मित्र ढालकिड्याची अळी गडद रंगाची, शेपटीकडे निमुळती, एखाद्या मगरीच्या पिल्लासारखी. तिला शिकार शोधायची असते, म्हणून ती सतत झाडावर फिरते. ताईंनी ही अळी शेंड्यावर पाहिली याचं कारण उघड होतं. त्याच फोटोच्या कोपऱ्यात पानाच्या देठाशी हिरवट माव्याची दाटी होती आणि दोन मुंग्याही होत्या. मावा गोड, चिकट द्रव सोडतो. मुंग्या तो खायला येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात. त्यामुळे शेंड्यावर मुंग्यांची ये-जा दिसली तर मावा शोधावा आणि मावा सापडला तर त्याच्या आसपास ही काळी अळी शोधावी. कोषात जाईपर्यंतच्या दीड-दोन आठवड्यांत अशी एक अळी काही शे मावा फस्त करते.

फोटोत किडा धूसर आला असेल तर मी पान बघते. खाल्लेल्या पानावरून खाणारा बऱ्यापैकी ओळखता येतो. एपिलॅक्नाची अळी पानाच्या खालच्या बाजूला बसून हिरवा गर खरवडते आणि शिरा व वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. वरून पाहिलं की शिरांच्या मधोमध समांतर, पांढरट, पारदर्शक पट्टे दिसतात. पुढे हे पट्टे वाळून तपकिरी होतात आणि पानाची जाळी होते. दुसऱ्या किड्यांचे व्रण वेगळे असतात. पानाला आरपार गोल भोकं असतील तर दुसरा भुंगेरा किंवा पानं खाणारी अळी असते. पानं वाटीसारखी वर वळून कडा पिवळ्या पडल्या असतील तर तुडतुडे. शेंडा कोमेजून खाली मान टाकलेली असेल तर शेंडा पोखरणारी अळी आत आहे, आणि तिचा फोटो शेंडा चिरल्याशिवाय मिळणार नाही. मित्र ढालकिडा मात्र पानावर असा कुठलाच व्रण ठेवत नाही. पान शाबूत आणि वर ढालकिडा असेल, तर त्याला राहू द्यावं.

अंड्यांच्या बाबतीत मात्र फोटो फसवतो. दोन्ही किडे पानाखाली पिवळी, लांबट, उभी अंडी पुंजक्याने घालतात. नुसता पुंजका पाहून कोणाचा हे सांगणं मी टाळते. पुंजक्याजवळ मावा असेल तर तो बहुधा मित्राचा. वांग्याच्या जून पानाखाली, जवळपास मावा नसताना, आणि वरच्या पानांवर खरवडल्याचे पट्टे असताना सापडला तर एपिलॅक्नाचा. तरीही शंका राहिली तर त्या पानाला दोरा बांधून तीन-चार दिवस थांबावं. बाहेर पडणारी पिल्लं फिकट पिवळी आणि काटेरी असतील तर पान खुडून टाकावं, काळपट असतील तर सोडून द्यावं. तेवढ्या काळात झाडाचं फारसं नुकसान होत नाही.

म्हणून ओळख विचारण्यासाठी फोटो पाठवताना किड्याचा एकच जवळचा फोटो पुरत नाही. पान उलटं करून खालची बाजू, पूर्ण पानाचा एक फोटो, शेंड्याचा एक आणि झाडाचा लांबून एक, एवढे हवेत. आकाराचा अंदाज यावा म्हणून किड्याशेजारी काडेपेटीतली काडी धरावी. झाड कोणतं ते लिहावं. वेलवर्गीय भाज्यांवर लांबट, एकसारख्या नारिंगी-लाल रंगाचा, लांब मिशांचा भुंगेरा येतो. त्याला अनेकजण ढालकिडा समजतात, पण तो काकडी-भोपळ्यावरचा तांबडा भुंगेरा, उगवत्या रोपांची पानं खाणारा. ढालकिड्याच्या मिशा इतक्या आखूड असतात की फोटोत सहसा दिसतही नाहीत. दुसरं एक उदाहरण याहून वेगळं : भेंडी किंवा दोडक्याच्या भुरी आलेल्या पानावर पिवळाधमक, बिनठिपक्यांचा ढालकिडा दिसतो. हा इलेइस. तो पानही खात नाही, मावाही नाही, भुरीची बुरशी खातो. भुरी आटोक्यात आणणं त्याच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही, पण त्याच्यामुळे नुकसान शून्य. आणि जास्वंद, पेरू किंवा भेंडीवरच्या पिठ्या ढेकणांत एखादा 'ढेकूण' इतरांपेक्षा मोठा, मेणाचे लांब धागे असलेला आणि भराभर चालणारा दिसला, तर तो क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी असू शकतो. हा किडा ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात मुद्दाम आणला गेला. ज्याला खातो त्याच्यासारखाच तो दिसतो, त्यामुळे लोक त्यालाही पिठ्या ढेकणांबरोबर पुसून टाकतात.

ताईंच्या झाडावर आम्ही काय केलं ते सांगते. गच्चीवर पाच-सहा झाडं, तेव्हा औषधाची गरज नव्हती. सकाळी ऊन चढायच्या आत भुंगेरे सुस्त असतात आणि धक्का लागला की पाय आखडून खाली पडतात. म्हणून झाडाखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं धरून फांदी हलवायची. पानाखालच्या अळ्या चिमटीने वेचून त्याच पाण्यात टाकायच्या. भुंगेऱ्याच्या सांध्यांतून पिवळा, वासाचा द्रव येतो. त्याने अपाय होत नाही, हात धुतले की झालं. अंड्यांचे पुंजके असलेली खालची पानं तोडून टाकली. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून हीच पाहणी दर चार दिवसांनी, तीन आठवडे. शेंड्याला, जिथे मावा आणि काळी अळी होती, तिथे काहीही केलं नाही.

झाडं जास्त असतील आणि वेचणं पुरत नसेल तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, एक लिटर पाणी पूर्ण करून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारावा. तो अळीला लगेच मारत नाही, तिचं खाणं आणि वाढ बंद करतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून पुन्हा फवारू नये. शेंड्यावर मित्रकीटक असतील तर तो भाग वगळावा. झपाट्याने मारणारं रासायनिक औषध मारलं तर एपिलॅक्नाबरोबर ढालकिडेही जातात. मावा झपाट्याने वाढतो, ढालकिडे तितक्या लवकर परत येत नाहीत, आणि पंधरवड्यात शेंडे माव्याने भरतात.

वेचताना एक मात्र बघायचं. काही काटेरी अळ्या हलत नाहीत, फुगलेल्या आणि तपकिरी-काळ्या दिसतात, पानाला चिकटून असतात. त्या मेलेल्या आहेत आणि त्यांच्या आत पेडिओबियस नावाच्या, मिलिमीटरभर लांबीच्या गांधीलमाशीची पिल्लं वाढत आहेत. एका अळीतून अशा अनेक माश्या बाहेर पडतात आणि नव्या अळ्या शोधतात. ही माशी इतकी गुणाची की अमेरिकेत घेवड्यावर पडणाऱ्या याच शाखेतल्या भुंगेऱ्याचा बंदोबस्त करायला ती १९६०च्या दशकात भारतातून तिकडे नेली गेली. ताईंच्या तिसऱ्या खेपेच्या फोटोत अशा चार अळ्या दिसल्या. ती पानं तोडू नका आणि त्यांवर निंबोळी अर्कही मारू नका, एवढंच त्यांना कळवलं. माश्या निघून गेल्या की त्या वाळलेल्या अळ्यांच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसतात, आणि मग ती पानं खुशाल काढून टाकता येतात.