रातांब्याचा हंगाम आणि गल्ल्यातली रोकड

माणगावच्या आसपास कोकम सरबत, आगळ आणि आमसुलं बनवण्याचा छोटा उद्योग सुरू करायचा, असं अनेकांच्या मनात असतं. कारण उघड आहे. रातांबा आपल्याकडचा आहे. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, ताम्हिणीतून उतरलेली पुण्याची गाडी इथेच महामार्गाला लागते, आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जाणारे पर्यटकही इथूनच वळतात. गिऱ्हाईक दारावरून जातं. तरीही असे उद्योग पहिल्या-दुसऱ्या वर्षी अडचणीत येतात, आणि पुष्कळदा त्याचं कारण माल न खपणं हे नसतं. माल पिंपात असतो, पण फळवाल्याला द्यायला हातात पैसे नसतात. नफा आणि रोकड यांच्यातलं हे अंतर आधीच कागदावर दिसावं, म्हणून महिन्यागणिक रोकडीचा अंदाज मांडायचा असतो. तो एकदा नव्हे, तीनदा: सगळं छान जुळलं तर, साधारण अपेक्षेप्रमाणे झालं तर, आणि बिघडलं तर.

पैसा जातो दोन महिन्यांत, येतो बारा महिन्यांत

रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पाऊस सुरू झाला की फळ भिजतं, सडतं आणि सोलं वाळवायला ऊन उरत नाही. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल सहा-सात आठवड्यांत रोखीने विकत घ्यायचा. त्याच वेळी साखर, मीठ, बाटल्या, लेबलं आणि फळं फोडणाऱ्या बायकांची मजुरी येते. विक्री मात्र सावकाश होते. मे महिन्यात थोडी, पावसाळ्यात जवळजवळ नाही, गणपतीला चाकरमानी आले की बरी, मग दिवाळी, डिसेंबरच्या सुट्ट्या, आणि पुन्हा उन्हाळा.

बँकेसाठी तयार होणाऱ्या प्रकल्प अहवालात साधारणपणे वर्षाचे रकाने असतात. वर्षाच्या रकान्यात मे महिन्याचा खड्डा दिसतच नाही, कारण डिसेंबरची विक्री त्याच बेरजेत येऊन बसलेली असते. म्हणून स्वतःसाठीचा कागद महिन्याचाच हवा.

एक उदाहरण मांडू

आकडे कल्पित आहेत. आपापले भाव घालून ते बदलावेत. घरचे दोन लाख आणि बँकेचं चार लाखांचं कर्ज, असे सहा लाख घेऊन मार्चमध्ये सुरुवात. यंत्रं, पिंपं, टेबलं यांवर अडीच लाख गेले. हातात उरले साडेतीन लाख.

महिन्याचा ठरलेला खर्च २८ हजार: भाडं ६, मदतनीस ९, वीज-वाहतूक-फोन ५ आणि घरखर्चासाठी ८ हजार. हे शेवटचे आठ हजार बहुतेक जण लिहीतच नाहीत. उद्योगातून घर चालणार असेल तर ते पैसे गल्ल्यातून जाणारच. लिहिले नाहीत म्हणून ते थांबत नाहीत. पहिले सहा महिने बँकेने फक्त व्याज घेतलं असं धरू. ते गोल करून चार हजार, म्हणजे एकूण ३२ हजार. सप्टेंबरपासून पूर्ण हप्ता नऊ हजार, म्हणजे ३७ हजार.

हंगामाचा खर्च वेगळा. चार टन रातांबे किलोला ३५ रुपये धरून १ लाख ४० हजार. साखर, मीठ, बाटल्या मिळून तेवढेच. मजुरी ६० हजार. एकूण ३ लाख ४० हजार, आणि हे सगळं मार्च ते मे मध्ये.

प्रत्येक महिन्याचं गणित एकच: महिन्याच्या सुरुवातीची रोकड, अधिक हातात आलेले पैसे, वजा बाहेर गेलेले पैसे. ‘हातात आलेले’ हे शब्द काटेकोरपणे घ्यायचे. पुण्याच्या दुकानदाराला जूनमध्ये माल दिला आणि पैसे ऑगस्टमध्ये आले, तर ते ऑगस्टच्याच रकान्यात. यंत्राची झीज या कागदात येत नाही. यंत्राचे पैसे एकदाच, मार्चमध्ये गेले.

एप्रिलअखेर हातात १ लाख ११ हजार राहतात. तिथपर्यंत तिन्ही अंदाज सारखेच आहेत, कारण तोवर विक्रीच नाही.

तीन अंदाज

तिन्ही मांडणींत एकच आकडा दहा-वीस टक्क्यांनी वरखाली केला, तर हाती काही लागत नाही. प्रत्येक अंदाजामागे खरी घडणारी घटना हवी.

अपेक्षित अंदाजात निम्मा माल स्वतःच्या काउंटरवर रोखीने जातो आणि निम्मा दुकानदारांना साठ दिवसांच्या उधारीवर. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. उद्यम नोंदणी करून हा हक्क जरूर राखून ठेवावा. पण कागदावर साठच दिवस लिहावेत. कायदा मागणी करायला बळ देतो, मेअखेरचा गल्ला तो भरत नाही.

चांगल्या अंदाजात काउंटरवरची विक्री जास्त होते. तितक्याच मालाचे पैसे लवकर येतात आणि थोडे जास्तही येतात.

वाईट अंदाजासाठी कल्पनाशक्ती ताणायची गरज नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, माणगावच्या बागांचं मोठं नुकसान झालं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात पोहोचला, म्हणजे वाळवणाचे शेवटचे, मोलाचे दिवस गेले. तसं पुन्हा घडलं, फळ महाग पडून तेवढ्याच पैशांत कमी मिळालं, थोडा माल वाया गेला आणि दुकानदारांनी तीन महिने पैसे थकवले, असं धरायचं. खर्च तेवढाच राहतो, आवक घटते.

महिनाअखेरची रोकड हजार रुपयांत अशी दिसते:

| महिनाअखेर | चांगला | अपेक्षित | वाईट |
|---|---|---|---|
| मे | ९ | −१६ | −५६ |
| ऑगस्ट | २८ | −२७ | −१०२ |
| फेब्रुवारी | २६६ | १२६ | −७९ |
| पुढचा मे | −५ | −४५ | −३७० |

उणे आकडा म्हणजे तोटा नव्हे. तेवढे पैसे बाहेरून आणावे लागतील, एवढंच तो सांगतो. अपेक्षित अंदाजात मेअखेर सहा लाखांहून जास्त किमतीचा माल पिंपांत आणि बाटल्यांत आहे, आणि त्याच दिवशी गल्ल्यात सोळा हजार कमी आहेत.

बारा महिन्यांवर थांबू नये

अपेक्षित अंदाज फेब्रुवारीला संपवला तर १ लाख २६ हजार शिल्लक दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण त्यानंतर लगेच पुन्हा हंगाम आहे. गेल्या मार्चमध्ये हातात साडेतीन लाख होते, या वेळी त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आहे. म्हणून हंगामी उद्योगाचा कागद पंधरा महिन्यांचा करावा, दुसऱ्या हंगामाच्या मेअखेरपर्यंत. तक्त्याची शेवटची ओळ त्यासाठीच आहे. अपेक्षित अंदाजात सगळ्यात खोल खड्डा पहिल्या पावसाळ्यात नाही, दुसऱ्या मे महिन्यात आहे.

चांगल्या अंदाजातही तोच धोका आहे, फक्त वेगळ्या वाटेने. माल भराभर गेला की मार्चमध्ये साठा संपतो आणि ऐन एप्रिलच्या उन्हात विकायला बाटली नसते. गिऱ्हाईक परत जातं, त्या हळहळीत उद्योजक पुढच्या हंगामात दीडपट फळ घ्यायला निघतो. तसं केलं तर मेअखेरचा खड्डा पाच हजारांवरून १ लाख ७५ हजारांवर जातो. वाढीलाही रोकड लागते, आणि ती विक्रीच्या आधी लागते.

खड्डा भरायचा कशाने

वाईट अंदाजात पहिल्या वर्षातला सगळ्यात खालचा आकडा ऑक्टोबरअखेर येतो: उणे १ लाख ११ हजार. त्यामुळे साधारण सव्वा लाखाची कॅश क्रेडिट मर्यादा मुदत कर्जाबरोबरच मंजूर करून घ्यावी. जेवढी रक्कम वापरली तेवढ्यावरच व्याज लागतं. अकरा टक्के धरले तर एक लाखावर महिन्याला साधारण नऊशे रुपये. ही मर्यादा मार्चमध्ये मागावी. ऑगस्टमध्ये गल्ला रिकामा असताना मागितली तर बँक स्वाभाविकपणे बिचकते.

अनुदानावर मात्र हा खड्डा भरण्याची भिस्त ठेवू नये. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिलांसह विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. ते उपयोगी आहे. पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीसारखी राहते आणि मग कर्जात वळती होते. त्यातून रातांब्यांची एक पाटीही विकत घेता येत नाही, म्हणून रोकडीच्या कागदात तिला रकाना नाही.

महामार्गाची गोष्टही लक्षात ठेवावी. इंदापूर आणि माणगावच्या बाह्यवळण रस्त्यांचं काम वर्षानुवर्षं रखडलं. त्यामुळे बाजारपेठेत गाड्या तुंबतात आणि काउंटरला गिऱ्हाईक मिळतं. वळणरस्ता सुरू झाल्यावर थेट गोव्याकडे जाणारी गाडी गावात शिरणार नाही. श्रीवर्धनच्या आणि ताम्हिणीच्या वाटेवरचं गिऱ्हाईक बऱ्यापैकी टिकेल, असं मला वाटतं. तरी दुकानाचं भाडं पाच वर्षांच्या करारात बांधण्याआधी वाईट अंदाजात काउंटरची विक्री निम्मी करून पाहावी.

आपण कुठल्या रेषेवर आहोत

कागद करून कपाटात ठेवला तर त्याचा उपयोग नाही. दर महिन्याच्या शेवटी खरी रोकड शेजारच्या रकान्यात लिहायची. पहिली खूण ३१ मे रोजी मिळते. बँकेतली आणि गल्ल्यातली रक्कम मिळून उणे पन्नास हजारांच्या जवळ असेल, तर वाईट रेषा सुरू झाली आहे. तेव्हाच घरखर्चाची उचल कमी करणं, दुकानदारांकडे वसुलीला जाणं आणि उधारी थांबवून थोडी सूट देऊन रोखीने विकणं शक्य असतं.

दुसरी, जास्त महत्त्वाची खूण जानेवारीअखेरची, कारण फळवाल्यांना शब्द द्यायची वेळ जवळ आलेली असते. सव्वा लाखाच्या मर्यादेत राहायचं, तर रातांबे किती घ्यायचे हे त्या दिवशीच्या शिल्लकीवरून ठरतं. दोन लाखांच्या वर असेल, तर पाच टन घेता येतील, मेअखेरचा खड्डा नव्वद हजारांच्या आसपास राहील. सहा टन झेपणार नाहीत. ऐंशी-नव्वद हजार असेल तर पुन्हा चारच टन. आणि रोकड तितकीच उणे असेल तर एक टन. चार टनांचा हट्ट धरला तर मेअखेर पावणेचार लाख कमी पडतील, आणि एक टन घेतलं तर १ लाख १५ हजार, जे मंजूर मर्यादेत बसतात. त्या वर्षी जुना माल आधी विकायचा, आणि फळवाल्याला एप्रिल उजाडायच्या आत स्पष्ट सांगायचं की यंदा एकच टन लागेल, म्हणजे त्यालाही दुसरं गिऱ्हाईक बघता येईल.