परागकणातून थेट पक्का वाण

भाताच्या दोन वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीतली सगळी रोपं एकसारखी येतात. शेत बघून वाटावं, झाला नवा वाण तयार! गंमत पुढच्या हंगामात कळते. त्याच रोपांचं बी पेरलं की एक रोप उंच, दुसरं बुटकं, एक लवकर निसवणारं, तर दुसरं रेंगाळणारं. रोपाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईचा आणि एक बापाचा. संकरात ते दोन्ही वेगळे असतात आणि पुढच्या पिढीत त्यांची वाटणी नव्याने होते.

भात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून ही तफावत दर पिढीला निम्मी होते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्यात २५, असं करत सहाव्या पिढीत साधारण ३ टक्के उरते. वर्षाला एकच खरीप घेतला तर नुसतं बी ‘पक्कं’ व्हायलाच पाच-सहा वर्षं जातात.

परागकणात मात्र गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्या एका कणापासून रोप वाढवलं आणि त्याचा संच दुप्पट केला, तर दोन्ही संच एकमेकांची हुबेहूब नक्कल ठरतात. तफावत उरतच नाही. अशा रोपाला डबल्ड हॅप्लॉइड म्हणतात.

परागकणापासून रोप येऊ शकतं हे कळलं ते दिल्लीत, आणि तेही अनपेक्षितपणे. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी धोत्र्याच्या एका जातीचे परागकोश काचपात्रात ठेवून त्यातल्या पेशींचं विभाजन अभ्यासत होते. काही आठवड्यांनी त्या परागकोशांतून चक्क बारीक भ्रूण बाहेर आले. १९६४ साली त्यांनी ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. चारच वर्षांनी जपानी संशोधकांनी भातात हे साधलं.

भातात हे काम पीक पोटरीत असताना सुरू होतं. लोंबी अजून पानाच्या आवरणातच हवी. परागकणात एकच केंद्रक असण्याचा टप्पा गाठायचा असतो. एखादा परागकोश चिरडून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्याची खात्री पटत नाही. वेळ चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग लोंब्या आठवडाभर ८ ते १० अंश सेल्सिअस थंडीत ठेवतात. या धक्क्याने परागकण आपला नेमलेला मार्ग सोडतो, असं म्हणायला हरकत नाही. भाताच्या एका फुलात सहा परागकोश असतात. ते निर्जंतुक करून पोषक माध्यमावर पसरतात. त्या माध्यमात शेतकऱ्यांना तणनाशक म्हणून ठाऊक असलेलं २,४-डी अगदी थोडं घालतात. अंधारात चार ते आठ आठवड्यांत परागकोश फुटून पांढरट पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस, दिसू लागतो. तो दुसऱ्या माध्यमावर उजेडात हलवला की कोंब येतात.

इथेच खरी निराशा वाट पाहत असते. कित्येक कोंब पांढरेफटक निघतात. त्यांच्या हरितलवकांच्या जनुकांचे मोठे तुकडेच गळालेले असतात, त्यामुळे ही रोपं जगत नाहीत. आपल्याकडच्या इंडिका भातात कॅलसही कमी मिळतो आणि पांढऱ्या रोपांचं प्रमाणही जास्त असतं. जपानी प्रकारच्या भातात काम बरंच सोपं जातं.

हिरवं रोप मिळालं तरी तपासणी संपत नाही. भातात बऱ्याच रोपांचा संच आपोआप दुप्पट होतो. ज्यांचा झाला नाही ती रोपं खुजी, अरुंद पानांची राहतात. त्यांना फुलं येतात, पण दाणा भरत नाही. त्यांना कोल्चिसिन देतात. आपल्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असणारं हेच विष पेशी दुभंगू देत नाही, म्हणून गुणसूत्रं दुप्पट झालेली तशीच राहतात. फसवं रोप वेगळंच. ते परागकणातून नव्हे, परागकोशाच्या भिंतीतून आलेलं असतं. दिसायला ते निरोगी असतं, दाणाही भरतो, पण त्यात संकराची तफावत जशीच्या तशी असते. ते डीएनए चाचणीतच उघडं पडतं.

वेळेइतकाच फायदा संख्येचा आहे. समजा, नव्या वाणात तीन हवी ती जनुकं दोन्ही संचांत पक्की हवी आहेत. साध्या दुसऱ्या पिढीत असं रोप सरासरी ६४ मध्ये एक मिळतं. डबल्ड हॅप्लॉइडमध्ये आठात एक! म्हणून इंडिकात थोडीच हिरवी रोपं हाती आली तरी पैदासकार ती सोडत नाहीत.

ही घाई फक्त बी पक्कं करण्यापुरतीच आहे. उत्पादन, रोग, चव यांच्या अनेक ठिकाणच्या चाचण्या पूर्वीसारख्याच हंगामामागून हंगाम घ्याव्या लागतात. शिवाय पहिल्या संकरातून थेट परागकण घेतला, तर आईबापांची जनुकं मिसळायला एकच संधी मिळते. जुन्या रीतीत ती पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहते. तरीही खारपड जमिनीसाठी फिलिपीन्समध्ये १९९५ साली ‘बिकोल’ नावाचा भात प्रसारित झाला, तो आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत परागकोशातूनच निघाला होता, आणि तो इंडिका होता.