मथळ्यातला ‘ने’

बातमीचा मथळा ही मराठीतली सर्वांत काटकसरीची वाक्यरचना असावी. दोन कॉलमांत दोन ओळी आणि ओळीला साधारण बारा अक्षरे, एवढ्या जागेत मी उपसंपादक म्हणून अनेक वर्षे काम केले. जोडाक्षर मी एकच धरतो, पण ते रुंद असते, म्हणून एखादे अक्षर हाताशी राखून ठेवतो. या काटकसरीत एका प्रत्ययावर विशेष लक्ष ठेवावे लागते. तो म्हणजे ‘ने’.

एक नमुना बातमी घेऊ. शाळेत दुपारी खिचडी वाटली. तासाभराने 43 मुलांना उलट्या झाल्या. शिक्षकांनी त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले. सर्वांची प्रकृती स्थिर आहे. खिचडीचे आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले असून अहवाल यायचा आहे.

पहिला मथळा सुचतो तो असा: ‘विषारी खिचडीने / 43 मुले अत्यवस्थ’. जागेत तो नेमका बसतो, मात्र बातमीत बसत नाही. विष सिद्ध झालेले नाही आणि मुलेही अत्यवस्थ नाहीत. शिवाय मराठीत ‘ने’ कर्त्यालाही लागतो आणि साधनालाही. तो ज्याला लागतो त्याच्यावर वाचक ठपका ठेवतो. इथे तो खिचडीवर, म्हणजे ती रांधणाऱ्या बाईवर येतो. उद्या दोष पाण्याचा निघाला, तरी तिचे काम आजच गेलेले असते.

‘खिचडी खाल्ली अन् पुढे काय घडले?’ या मथळ्यात खोटे काही नाही. पण ज्या पालकाचे मूल त्या शाळेत आहे, त्याला हवी तीच माहिती तो दडवतो.

मी असा मथळा देईन: ‘43 मुलांना उलट्या, / खिचडी, पाणी तपासणीला’. पहिल्या ओळीत आठ अक्षरे, दुसरीत दहा. क्रियापद गाळले, तरी ‘उलट्या’ आणि ‘तपासणीला’ या शब्दांत घटना चालती राहते. ‘पाणी’ या शब्दाला दोनच अक्षरे लागतात, पण त्याने संशयाची वाटणी प्रामाणिक होते.

याची उलट बाजूही आहे. कर्ता ठाऊक असताना ‘ने’ टाळणे हीसुद्धा चूकच. समजा, पुढे चौकशीत निघाले, की पाण्याची टाकी वर्षभर धुतली नव्हती आणि ती धुण्याचे काम ग्रामपंचायतीचे होते. तेव्हा ‘टाकीच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष करण्यात आले’ असे लिहिले, तर ‘करण्यात आले’ सहा अक्षरे, म्हणजे अर्धी ओळ खाते आणि जबाबदार कोण तेही लपवते. ‘ग्रामपंचायतीने / टाकी धुतलीच नाही’ हा मथळा आखूडही आहे आणि खराही. त्यातला ‘च’ मात्र मी काढीन. तो चीड दाखवतो, माहिती देत नाही.

म्हणून मथळा पानावर सोडण्यापूर्वी मी ‘ने’ शोधतो. तो असेल, तर त्याचा पुरावा बातमीच्या कोणत्या वाक्यात आहे, त्यावर बोट ठेवतो. वाक्य सापडले नाही, तर ‘ने’ जातो. आणि वाक्य असूनही मथळ्यात ‘ने’ नसेल, तर तो कोणाच्या भीडेखातर गळला, हे विचारतो.