परमा बरा झाला, हे कशावरून?

आमच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यात 1955 साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा परमा हा सुईने जाणारा रोग समजला जाई. परंतु 1976 साली पेनिसिलिनच निकामी करून टाकणारे परम्याचे जंतू विलायतेत व अमेरिकेत सापडले. पुढे टेट्रासायक्लिन हरले, सिप्रोफ्लॉक्सासिनही हरले. आज त्यातल्या त्यात भरवशाचे राहिले आहे ते सेफ्ट्रायक्झोनचे इंजेक्शन.

देहूत खोली करून राहणारा, चाकणला कंत्राटावर कामाला असलेला एक तरुण आमच्याकडे आला. लघवीला आग, पू. डॉक्टरकडे जावे तर खाडा पडतो, म्हणून त्याने औषधांच्या दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणल्या. पू कमी झाला, आठवड्याने पुन्हा सुरू झाला. आम्ही त्याला सरकारी इस्पितळात नेले.

तिथे इंजेक्शनाच्या अगोदर पुवाचा नमुना घेतला. याला कल्चर म्हणतात. रक्त तापवून घातलेल्या, चॉकलेटी दिसणाऱ्या खाद्यावर नमुना पसरतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, अंगाच्या उष्णतेएवढ्या उबेत एकदोन दिवस ठेवतात. वाढलेल्या जंतूंवर निरनिराळी औषधे लावली की कोणते लागू पडते ते कळते. झटपट होणारी जनुकीय तपासणी सहसा जंतू आहे एवढेच सांगते. हा जंतू मात्र फार नाजूक. नमुना सुकला किंवा कोणी समजूतदारपणे फ्रीजमध्ये ठेवला, की जंतू मरतो आणि रिपोर्ट येतो, 'जंतू नाहीत'! असा रिपोर्ट हाती असून पू वाहत असेल, तर पुन्हा नमुना द्यावा.

कल्चरची वाट न पाहता त्याच दिवशी दंडात नव्हे, कुल्ल्यात खोल स्नायूत, सेफ्ट्रायक्झोनचे एकच इंजेक्शन दिले. मात्रा देशागणिक निराळी: ब्रिटनमध्ये 2019 पासून 1 ग्रॅम, अमेरिकेत 2020 पासून 500 मिलिग्रॅम.

दोन दिवसांत पू थांबला. गडी म्हणाला, "झालं की मामा!" पण पू थांबणे म्हणजे जंतू जाणे नव्हे. घशात तर परमा मुकाट्याने राहतो आणि तिथे औषधही नीट पोचत नाही. म्हणून बरे झाल्याची तपासणी करतात. कल्चर करायचे तर औषधानंतर निदान तीन दिवस जाऊ द्यावेत. जनुकीय तपासणी दोन आठवड्यांनी करावी, कारण त्याआधी मेलेल्या जंतूंचे अवशेषही तिला जिवंतांसारखेच दिसतात.

आठव्या दिवशी त्याचा नमुना घेतला, घशाचासुद्धा. दोन्ही निर्मळ निघाले. पहिल्या कल्चरमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन निरुपयोगी ठरले होते, सेफ्ट्रायक्झोन लागू होते. तोवर गावाहून त्याच्या बायकोला बोलावून घेतले. तिला काहीच त्रास नव्हता, तरी तिचीही तपासणी करून तेच इंजेक्शन दिले.