साल नाण्याची, फळ ऐनाचं!

जानेवारी संपता संपता भाचीचे तीन फोटो आले. वरंधा घाटात गाडी थांबवून काढलेले. पहिल्यात गोरंपान, गुळगुळीत खोड. दुसऱ्यात पानाची वरची बाजू. तिसऱ्यात तळहातावर ठेवलेलं पाच पंखांचं वाळकं फळ. खाली एकच ओळ : "मामा, अर्जुन ना?"

उत्तर सोपं वाटत होतं. पांढरी साल आणि पाच पंखांचं फळ म्हणजे अर्जुन, दुसरं काय असणार? पण मग मी फळाचा फोटो मोठा करून पाहिला.

पंखावरच्या रेषा बघा

ऐन आणि अर्जुन सख्खे भाऊ. वनस्पतिशास्त्रात दोघंही टर्मिनालिया. हिरडा, बेहडा आणि किंजळ हीसुद्धा त्याच घरातली. लॅटिनमध्ये 'टर्मिनस' म्हणजे शेवट. या कुळातल्या बऱ्याच झाडांची पानं फांदीच्या टोकाशी दाटी करतात, म्हणून हे नाव पडलं. बेहड्याकडे खालून पाहिलंत तर ही दाटी लगेच दिसते.

ऐन आणि अर्जुन, दोघांच्याही फळाला पाच उभे पंख असतात, आकारही साधारण कमरखासारखा. त्यामुळे नुसते पंख मोजून काही कळत नाही, पंखावरच्या बारीक रेषा पाहाव्या लागतात. ऐनाच्या फळात या रेषा मधल्या कण्यापासून निघून सरळ आडव्या पंखाच्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाच्या फळात त्या वरच्या दिशेला वळतात. शिवाय ऐनाचे पंख जास्त रुंद आणि कागदासारखे, तर अर्जुनाचे अरुंद आणि जाडसर. फळ उजेडासमोर धरून फोटो काढला, तर रेषा अगदी स्वच्छ उमटतात.

भाचीच्या फोटोतल्या रेषा सरळ आडव्या होत्या. म्हणजे फळ ऐनाचं. पण ऐनाचं खोड असं गोरं नसतं!

मगरीची पाठ

ऐनाची साल एकदा पाहिली की विसरत नाही. काळपट राखाडी, खोल उभ्याआडव्या भेगांची, चौकोनी खवल्यांची. इंग्रजीत तर याला मगरीच्या सालीचं झाड असंच म्हणतात. ही जाड साल वणव्यात आतल्या जिवंत थराला सांभाळते. म्हणून जळून गेलेल्या रानात काळं पडलेलं ऐनाचं खोड पुन्हा पालवलेलं दिसतं.

अर्जुनाचं अगदी उलट. संस्कृतात अर्जुन म्हणजे पांढरा, उजळ. साल गुळगुळीत, राखाडी-पांढरी, कधी गुलाबी झाक असलेली, आणि मोठमोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. जागाही वेगळी. अर्जुन मूळचा नदी-ओढ्याच्या काठचा. शहरातल्या रस्त्यांवर तो आता भरपूर दिसतो, पण तिथे तो लावलेला असतो.

मात्र एकट्या सालीच्या फोटोवर विसंबू नका. पावसात भिजलेली साल काळी दिसते आणि भर दुपारच्या उन्हात भेगा सपाट होतात. ऐनाचं कोवळं झाड तर बरंच गुळगुळीत असतं, मगरीची पाठ वयानं येते. फोटो जाणत्या झाडाचा, छातीच्या उंचीवरचा, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला हवा. शेजारी एक नाणं टेकवलं की खवल्याचा आकारही कळतो.

पान उलटं करा!

आता भाचीच्या झाडाचं कोडं उरलं होतं. खोड एक सांगत होतं, फळ दुसरंच. अशा वेळी मी पानाची पाठ मागतो, कारण टर्मिनालियांची खरी ओळख बहुतेक वेळा तिथे असते. ऐनाच्या पानाच्या मागे, देठाच्या जवळ, मधल्या शिरेवर एक-दोन गाठी असतात. बारीक देठावर बसलेल्या, चिमुकल्या पेल्यासारख्या. बोट फिरवलं तरी लागतात. अर्जुनातही गाठी असतात, पण पान आणि देठ जुळतात तिथे, बिनदेठाच्या. वरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, आणि लोक नेमका तोच फोटो पाठवतात.

मी भाचीला कळवलं : पान उलटं कर. आणि जमिनीवरचं फळ सोड, फांदीवरचं शोध.

पंधरा मिनिटांत दोन फोटो आले. पानाची पाठ फिकट आणि साफ, गाठ एकही नाही. फांदीच्या टोकाला पंखबिंख काही नसलेली, वाळून फुटलेली छोटी लाकडी बोंडं.

झाड होतं नाणा! टर्मिनालियांच्या कुळातला नव्हेच, तामणीचा भाऊ. तीच तामण, जिचं फूल महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. नाण्याची साल फिकट पिवळसर, पातळ पापुद्रे सोडणारी असल्यानं तो अर्जुनाचा भास करून देतो. पश्चिम घाट हेच त्याचं घर. जगात दुसरीकडे तो रानात उगवत नाही.

मग ऐनाचं फळ आलं कुठून? वाऱ्यावरून. पंख असतात ते त्यासाठीच. भाचीनं वर पाहिलं, तर चढावर वीसेक पावलांवर मगरीच्या पाठीचा ऐन उभा होता. पंखवालं फळ झाडाखाली सापडलं म्हणून ते त्याच झाडाचं असं धरून चालत नाही. फांदीवरच्या फळाचाच पुरावा पक्का.

जाता जाता, ऐनाच्या घरातलं

किंजळ ओळखायला तर दुर्बिणीचीही गरज नाही. याच्या फळाला एक पंख मोठा आणि दोन छोटे. पावसाळा सरल्यावर कोकणात आणि घाटात अख्खं झाड तांबूस दिसतं, आणि लांबून लोकांना तो फुलोरा वाटतो. फोटो मोठा केला की कळतं, ती फळं आहेत.

बेहड्याचं फळ गोल, राखाडी, मखमली लव असलेलं. हिरड्याचं लांबट, वाळल्यावर कंगोरे उठलेलं. पंख दोघांनाही नाहीत.

टसर रेशमाचा किडा ऐन आणि अर्जुन दोघांचीही पानं आवडीनं खातो. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडचे टसर पाळणारे या झाडांवरच किडे चढवतात. तिकडे ऐनाला येन म्हणतात, म्हणून फोटोसोबत गावाचं नाव आणि तिथलं स्थानिक नाव आलं तर ओळख निम्मी सोपी होते.

आणि ऐनाची सगळ्यात नवलाची गोष्ट. काही ऐनांच्या खोडात पाणी साठतं. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी एका ऐनाच्या खोडावरच्या फुगवट्याला छेद दिला, तेव्हा नळासारखी धार लागली. तो व्हिडिओ देशभर फिरला. प्रत्येक ऐनात पाणी नसतं, आणि घाव घातलेल्या खोडाला बुरशी लागते. त्यामुळे ऐन भेटला तर कोयता गाडीतच राहू द्या. फोटो मात्र चार काढा : साल, पानाची वरची बाजू, पानाची पाठ आणि फांदीवरचं फळ.