उनबेडेंकलिशकाइट्सबेशाइनिगुंग : ‘ना हरकत’ आणि तिचे जर्मन जुळे

आपल्याकडे नोकरी सांभाळून पुढे शिकायचे तर साहेबांकडे ‘ना हरकत दाखला’ मागतात. फ्रँकफर्टला नोकरी करणारा मराठी अभियंता शब्दकोश उघडतो, तेव्हा त्याला ‘उनबेडेंकलिशकाइट्सबेशाइनिगुंग’ हा लांबलचक शब्द सापडतो. त्याची फोड केली तर ‘हरकत नसल्याचा दाखला’ हाच अर्थ निघतो. एवढे असूनही साहेबांना लिहायच्या अर्जात तो शोभत नाही.

याचे कारण त्याच्या वापरात आहे. घर विकत घेतल्यावर कर भरला, की करकार्यालय हाच दाखला देते. त्याशिवाय जमीननोंदणीत नवा मालक चढत नाही. कंपनीने कामगारांची विम्याची वर्गणी चुकती केली आहे, असे आरोग्यविमा संस्था लिहून देते, त्या कागदालाही हेच नाव आहे. त्यामुळे विषयात हा शब्द दिसला, की मनुष्यबळ विभागाला थकबाकीचा मामला वाटू शकतो. तिथे ‘त्सुश्टिमुंग’, म्हणजे संमती, हा साधा शब्द हवा.

मुळात, मोकळ्या वेळेत शिकायला तिथे सहसा मालकाची परवानगी लागत नाही. कामाचे तास कमी करायचे असतील, तर मात्र अर्ज लागतो. पंधराहून अधिक माणसांच्या कंपनीत सहा महिन्यांहून जास्त नोकरी झालेल्याला तशी मागणी करण्याचा हक्क आहे. अर्ज लेखी आणि किमान तीन महिने आधी द्यावा लागतो. समजा, हा अभियंता १ ऑक्टोबरपासून आठवड्याला चाळीसऐवजी तीस तास काम करू इच्छितो. त्याचा अर्ज ३० जूनपर्यंत पोहोचायला हवा, आणि नकार द्यायचा तर कंपनीने तो ऑगस्टअखेर कळवायला हवा.

आता त्याचा मसुदा तपासू. ‘आपल्या नामांकित संस्थेत सेवा करण्याचे भाग्य लाभले असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती,’ अशी त्याची सुरुवात आहे. मराठी अर्जात ही रीत आहे. जर्मन वाचक मात्र त्यात तारीख आणि तास शोधत राहतो. दुरुस्त वाक्य असे : ‘१ ऑक्टोबरपासून माझे कामाचे तास आठवड्याला चाळीसवरून तीस करण्यास संमती द्यावी, शुक्रवारी मला सुट्टी असावी आणि उरलेले तीस तास सोमवार ते गुरुवार विभागावेत.’ शिक्षणाचे कारण पुढच्या एका ओळीत येते.

शेवटी बारीक खुणा. विषयाच्या ओळीआधी ‘विषय’ हा शब्द लिहीत नाहीत. संबोधनानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढचे वाक्य लहान अक्षराने सुरू होते; पहिला शब्द नाम किंवा आदरार्थी सर्वनाम असेल तरच मोठे अक्षर. ‘आपला विश्वासू’नंतर आपण स्वल्पविराम देतो, पण ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’ या समारोपानंतर तो देत नाहीत. हा स्वल्पविराम तसाच ठेवला, की मसुदा दुसऱ्या भाषेतून आल्याचे जाणकाराला लगेच कळते.